एका कंसात सहा संदर्भ: अर्धविराम नेमकं काय सांगतो

*"मी खानापूरची. सीमाभागातल्या मराठीवर प्रबंध लिहितेय. माझं एक वाक्य असं आहे: 'सीमाभागातल्या मराठीच्या वाक्यरचनेवर कन्नडचा खोल प्रभाव पडला आहे (एमेनो, १९५६, गम्पर्झ आणि विल्सन, १९७१, साउथवर्थ, १९७१, मसिका, १९७६, एमेनो, १९८०, आणि कुलकर्णी-जोशी, २०१६).' गाईड म्हणतात वर्षाप्रमाणे लावा, झोटेरो आडनावाप्रमाणे लावतं, मैत्रीण म्हणते महत्त्वाचा संदर्भ आधी. मध्ये स्वल्पविराम की अर्धविराम? कोणाचं ऐकू?"*

गाईडचं ऐका. पण त्याआधी कंसातला एक संदर्भ बाहेर काढा आणि उरलेल्यांची तीन वाक्यांत वाटणी करा. क्रमाचा घोळ मग निम्म्याने आपोआप मिटेल. बेळगावात प्रबंधांची संपादनं करताना बरीच वर्षं गेली, आणि माझा अनुभव असा की "क्रम कोणता" हा प्रश्न घेऊन येणाऱ्याच्या कंसात बहुतेक वेळा संदर्भच जास्त झालेले असतात.

आधी अर्धविरामाचा अर्थ बघू. लेखक-वर्ष पद्धतीत एका कंसात दोन संदर्भ अर्धविरामाने जोडले की वाचक त्याचा अर्थ असा घेतो: मागचं अख्खं विधान या पहिल्याने म्हटलंय, आणि स्वतंत्रपणे या दुसऱ्यानेही म्हटलंय. कंसातला प्रत्येक जण सगळ्या वाक्याला जामीन असतो. अर्धं वाक्य याचं आणि अर्धं त्याचं, असं तो कंस सांगू शकत नाही.

आता तुमचे सहा जामीन तपासू. एमेनोचा १९५६ चा लेख अख्ख्या भारतीय उपखंडाबद्दल आहे. वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा शेजारी नांदून एकमेकींसारख्या कशा होतात, हा त्याचा विषय. त्याच्या १९८० च्या पुस्तकाचं नाव दिलंत, पण तो त्याच्याच निबंधांचा संग्रह आहे आणि १९५६ चा तो लेख त्यात पुन्हा छापलेला आहे. म्हणजे एकाच साक्षीदाराला तुम्ही दोनदा पिंजऱ्यात उभं केलंत. संग्रहातला दुसरा एखादा निबंध वापरला असेल तर त्या निबंधाची पानं द्या. नसेल तर १९८० काढून टाका. परीक्षकाने हे पकडलं तर पुढच्या प्रत्येक कंसाकडे तो संशयाने बघतो.

मसिकाचं १९७६ चं पुस्तकही उपखंडाच्या पातळीवरचं, भाषांची वैशिष्ट्यं कुठून कुठवर पसरली आहेत ते सांगणारं. साउथवर्थचा १९७१ चा लेख मराठीबद्दल आहे खरा, पण मराठी मुळात घडली कशी, तिच्या उगमाशी द्रविड भाषांशी आलेला संपर्क किती खोल होता, हा त्याचा प्रश्न. आज खानापूर-निपाणीत बोलली जाणारी मराठी हा त्याचा विषय नाही.

गम्पर्झ आणि विल्सन तुमच्या सगळ्यात जवळचे. पण त्यांनी अभ्यासलेलं गाव कुपवाड, सांगली-मिरजेच्या शेजारचं, म्हणजे सीमेच्या पलीकडचं. (इंग्रजी लेखात ते ज्या अक्षरांत लिहिलंय त्यावरून प्रबंधांत "कुपवार" असं गाव जन्माला येतं. दोन तासांवरच्या गावाचं नाव आपल्याच प्रबंधात चुकलेलं बघून हसावं की रडावं कळत नाही.) त्या गावात कन्नड, मराठी आणि उर्दू यांचे शब्द वेगळे राहिले, पण वाक्यरचना इतक्या जवळ आल्या की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येतं, ही त्यांची मांडणी. आणि कुलकर्णी-जोशी यांचा २०१६ चा लेख? तो याच मांडणीची चाळीस वर्षांनंतर केलेली चिकित्सक फेरतपासणी आहे. तपासणाऱ्याला आणि ज्याची तपासणी झाली त्याला साध्या अर्धविरामाने शेजारी बसवलं तर दोघं एकच बोलतात असा समज होतो. तुमच्या कंसातली सगळ्यात मोठी चूक हीच. स्वल्पविराम वगैरे किरकोळ आहेत.

मी असतो तर वाक्य असं फोडलं असतं:

> भारतीय उपखंडातल्या वेगवेगळ्या कुळांच्या भाषांत समान रचना आढळतात (एमेनो, १९५६; मसिका, १९७६). मराठीच्या जडणघडणीतच द्रविड भाषांशी आलेल्या संपर्काचा वाटा आहे, अशीही मांडणी झाली आहे (साउथवर्थ, १९७१). सीमेजवळच्या कुपवाड या गावात कन्नड, मराठी आणि उर्दू यांच्या वाक्यरचना एकमेकींच्या जवळ आल्याची नोंद आहे (गम्पर्झ आणि विल्सन, १९७१; या मांडणीच्या फेरतपासणीसाठी पाहा कुलकर्णी-जोशी, २०१६).

बघा, सहाच्या जागी पाच राहिले आणि कोण कशाला जामीन आहे ते स्पष्ट झालं. शेवटच्या कंसात अर्धविराम आहेच, पण त्याच्यापुढचे चार शब्द सांगतात की पुढचा माणूस वेगळ्या कामासाठी आलाय. आणि एक गोष्ट उघडी पडली: "सीमाभागातल्या मराठीच्या वाक्यरचनेवर कन्नडचा खोल प्रभाव पडला आहे" हे तुमचं मूळ विधान या पाचांपैकी कोणीच केलेलं नाही. ते तुमच्या स्वतःच्या ध्वनिमुद्रणांवर उभं राहायला हवं, आणि प्रबंध त्यासाठीच तर आहे.

आता क्रम. इथे खरंच परिस्थितीवर अवलंबून आहे. तुम्हाला सांगणारे तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त तिघांच्या पद्धती वेगळ्या.

एपीएच्या सातव्या आवृत्तीत कंसातला क्रम संदर्भसूचीसारखा, म्हणजे आडनावाच्या वर्णानुक्रमाने. झोटेरो तेच करतं. शिकागोच्या लेखक-वर्ष पद्धतीत क्रम लेखकाच्या मर्जीवर सोडलाय: विधानातल्या मुद्द्यांच्या ओघाने लावा, महत्त्वानुसार लावा, आणि दोन्ही लागू नसेल तर वर्णानुक्रम किंवा कालक्रम. तुमची मैत्रीण बहुधा ते वाचून आलीय. आणि कालक्रम ही कितीतरी नियतकालिकांची आणि विद्यापीठ विभागांची घरची रीत आहे. एखादी कल्पना कशी पुढे सरकत गेली ते त्यात एका नजरेत दिसतं, म्हणून जुन्या पिढीच्या प्राध्यापकांना ती आवडते. विभागाची लेखी नियमावली असेल तर ती अंतिम. नसेल तर सही गाईडची आहे, म्हणून गाईडचं ऐका म्हटलं. फक्त पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच.

कालक्रम घेतलात तर दोन ठिकाणी अडाल. एक, वर्ष सारखं आलं तर. गम्पर्झ आणि साउथवर्थ दोघं १९७१ चे (योगायोग म्हणजे दोघांचे लेख एकाच ग्रंथात आहेत), तेव्हा त्यांच्यात आडनावाचा वर्णानुक्रम लावायचा. दोन, एकाच लेखकाची दोन वर्षं आली तर. समजा एमेनोची दोन्ही लेखनं खरोखर लागतात. १९५६ सुरुवातीला आणि १९८० मसिकाच्या मागे, असं तोडायचं का? मी तोडत नाही. लेखकाचा गट एकत्र ठेवतो आणि त्याच्या पहिल्या वर्षाची जागा गटाला देतो:

> (एमेनो, १९५६, १९८०; गम्पर्झ आणि विल्सन, १९७१; साउथवर्थ, १९७१; मसिका, १९७६)

काही संपादक काटेकोर कालक्रम मागतात, तेव्हा नाव पुन्हा लिहून गट तोडावा लागतो. मागितलं तरच करा.

वर्णानुक्रम घेतलात तर अडचण आणखी गमतीची आहे, आणि ती फक्त आपल्यासारख्यांना येते. रोमन अक्षरांत जी आधी आणि के नंतर, म्हणून गम्पर्झ आधी, कुलकर्णी-जोशी नंतर. देवनागरीत क आधी, ग नंतर. म्हणजे तीच माणसं, तोच कंस, पण क्रम उलटा. तुमच्या प्रबंधाचा कंस देवनागरीत आहे, तेव्हा क्रमही देवनागरीचा हवा. झोटेरोत मात्र तुम्ही नोंदी रोमनमध्ये भरल्या असतील तर तो रोमनचाच क्रम लावणार, आणि मग तुम्ही नावं हाताने देवनागरीत बदललीत की क्रम चुकलेला राहणार. एका विद्यार्थ्याचे असे जवळपास सगळे मोठे कंस चुकलेले निघाले होते, आणि तो बिचारा शपथेवर सांगत होता की सॉफ्टवेअरने लावलेत.

त्यात संदर्भसूची मराठी, कन्नड, इंग्रजी अशी तीन भागांत केलेली असेल तर "सूचीसारखा क्रम" या नियमाला अर्थच उरत नाही, कारण सूचीत क्रम तीन आहेत. माझा सल्ला: सूची एकच ठेवा. प्रत्येक नोंद देवनागरीतल्या आडनावाने सुरू करा आणि मूळ लिपीतलं नाव लगेच पुढे कंसात द्या, कन्नड असेल तर कन्नडमध्ये. कंसात "एमेनो" वाचलेल्या माणसाला सूचीत "एमेनो" सापडलं पाहिजे, हे पहिलं. विभाग तीन भागांवरच अडून बसला तर कंसात तिन्ही भाषांचे लेखक एकत्र देवनागरी वर्णक्रमाने लावा आणि तसं केल्याची एक ओळ प्रस्तावनेत टाका.

ळ बद्दलही सांगून ठेवतो. आपल्या वर्णमालेत ळ ह च्या नंतर येतो. युनिकोडच्या तक्त्यात मात्र तो ल च्या लगेच पुढे बसलाय. त्यामुळे निव्वळ तक्त्याप्रमाणे लावणारा प्रोग्राम काळे, कावळे, काशीद असा क्रम देतो, तर वर्णमालेप्रमाणे तो कावळे, काशीद, काळे असा हवा. बेळगावकडच्या आडनावांत ळ किती ते तुम्हाला सांगायला नको. क्षीरसागर क मध्ये की शेवटी, हाही तसलाच वाद. कोणताही एक पक्ष घ्या, पण सूचीत आणि कंसात तोच ठेवा.

चिन्हांकडे येऊ. इथे मतभेद कमी आहेत. वेगवेगळ्या लेखकांच्या संदर्भांमध्ये अर्धविराम. एकाच लेखकाच्या दोन वर्षांमध्ये स्वल्पविराम, आणि नाव एकदाच. शेवटच्या संदर्भाआधी "आणि" नाही. "आणि" फक्त एका लेखनाच्या दोन लेखकांना जोडतो. तुमच्या कंसात "आणि" दोन्ही कामं करतोय, म्हणून "गम्पर्झ आणि विल्सन" हे दोन वेगळे संदर्भ आहेत की एकाच लेखाची जोडी, ते नवख्या वाचकाला कळत नाही. अर्धविराम नसल्याचं खरं नुकसान हे.

नाव आणि वर्षाच्या मध्ये एपीएत स्वल्पविराम असतो, शिकागोत नसतो. (एमेनो, १९५६) आणि (एमेनो १९५६) हे दोन्ही एकाच प्रबंधात दिसले की समजायचं, काही कंस दुसरीकडून उचललेत. खरं सांगायचं तर उसना कंस असाच पकडला जातो. बाकी प्रबंध वर्णानुक्रमाने, आणि मध्येच एक कंस कालक्रमाने, स्वल्पविरामाशिवाय, वर्षाच्या चुकीसकट. विचारलं की मान खाली.

पृष्ठांक आले की थोडं सांभाळा. नावं मनाची घेतो. शिकागोत एकाच लेखकाची दोन वर्षं पृष्ठांकांसह द्यायची तर मध्ये स्वल्पविराम चालत नाही, अर्धविराम लागतो:

> (कदम १९९८, ४५; २००४, ११२; पाटील २०१०, ७)

का, ते स्वल्पविराम घालून वाचा: कदम १९९८, ४५, २००४, ११२. यातलं २००४ हे वर्ष की पान? जाडजूड गॅझेटियरचा संदर्भ असेल तर दोन हजाराव्या पानाचीही शंका येऊ शकते. एपीएत पानाआधी "पृ." येत असल्याने गोंधळ कमी, पण तिथेही अशा वेळी मी नाव पुन्हा लिहून अर्धविराम देतो. दोन शब्द वाढतात, पण वाचक अडखळत नाही.

एका लेखकाची एकाच वर्षातली दोन लेखनं असतील तर वर्षाला अक्षर: (पाटील, २०१२अ, २०१२ब). मराठीत अ, ब, क अशीच ठेवा. क, ख, ग केलंत तर "२०१२ख" कोणी वाचत नाही. झोटेरो रोमन अक्षरं घालतं, ती शेवटी बदलावी लागतात. वर्ष न छापलेल्या पुस्तिका सीमाप्रश्नावर ढिगाने मिळतात. एपीएत अशी पुस्तिका त्या लेखकाच्या गटात सर्वात आधी येते, आणि छपाईच्या वाटेवर असलेलं लेखन सर्वात शेवटी.

लेखकांची नावं कंसाबाहेर वाक्यात घेतलीत तर यातलं बरंच लागू होत नाही. "एमेनो (१९५६), मसिका (१९७६) आणि साउथवर्थ (१९७१) यांनी" असं लिहिताना स्वल्पविराम आणि "आणि" हे साध्या मराठीचेच राहतात. क्रमही वाक्याच्या ओघाने ठेवता येतो.

झोटेरोत तीन खोड्या हमखास होतात. पहिली, दोन संदर्भ वेगवेगळे घातले की ")(" असे पाठीला पाठ लावलेले कंस दिसतात. एक पुसा, दुसऱ्यावर क्लिक करून पट्टी उघडा आणि दुसरा संदर्भ त्याच पट्टीत घाला. दुसरी, "पाहा" हा शब्द तुम्ही ज्या संदर्भाला जोडता त्याच्याबरोबरच तो फिरतो. वर सुचवलेल्या शेवटच्या कंसात एपीए ठेवलंत तर देवनागरी नोंदीत कुलकर्णी-जोशी वर्णक्रमाने गम्पर्झच्या आधी जातील, आणि कंस "या मांडणीच्या फेरतपासणीसाठी पाहा" ने सुरू होईल, मांडणी कुठली ते सांगायच्या आधीच. त्या कंसापुरती `Keep Sources Sorted` समोरची खूण काढा आणि क्रम हाताने लावा. एपीएलाही हे मान्य आहे: मुख्य संदर्भ आधी, "पाहा" वाले नंतर.

तिसरी खोडी ओळखायला सोपी आहे. कंसात अचानक आडनावाआधी आद्याक्षरं उगवली, म. बा. एमेनो वगैरे, तर तुमच्या संग्रहात तोच माणूस दोन रूपांत बसलाय, एकदा पूर्ण नावाने, एकदा आद्याक्षरांनी. सॉफ्टवेअरला ते दोन वेगळे एमेनो वाटतात, म्हणून तो त्यांना वेगळं ओळखू यावं अशी सोय करतो, आणि दोन वर्षं एका नावाखाली गोळाही करत नाही. नोंदीतलं नाव सारखं करा, रिफ्रेश मारा, आद्याक्षरं जातात.

आणि प्रबंध छपाईसाठी गल्लीतल्या डीटीपीवाल्याकडे देणार असाल तर आधी विचारा, फाँट युनिकोड आहे ना. जुन्या फाँटमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते पण आत साठलेली असतात रोमन अक्षरं. तिथे सूची "सॉर्ट" केली की काळेच्या आधी साउथवर्थही येऊ शकतो. त्याने मजकूर बदलून घेतला असेल तर अर्धविरामही तपासा, काही वेळा त्याच्या जागी भलतंच अक्षर येतं. शोध पेटीत फक्त `;` टाकून अख्खा प्रबंध एकदा चाळा. प्रत्येक ठिकाणी थांबून दोन्ही बाजूंचे संदर्भ मागचं वाक्य खरंच म्हणतात का, ते त्याच फेरीत बघून होतं.